बाहेरून आत : फुलाच्या आकृतीला नावे देताना

पाठ्यपुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. पानावर उभे चिरलेले एक फूल, त्याच्या वेगवेगळ्या भागांपासून बाजूला ओढलेल्या रेघा आणि रेघांच्या टोकाशी रिकाम्या जागा. खाली प्रश्न : ‘आकृतीतील भागांना नावे द्या.’ बहुतेक मुले आधी सर्वांत मोठ्या, रंगीत भागाकडे वळतात आणि तिथे ‘पाकळी’ लिहितात. मग खालच्या हिरव्या भागाला ‘निदल’. इथवर सहसा बरोबर असते. गोंधळ उडतो तो उरलेल्या भागात. मधल्या तंतूंपैकी पुंकेसर कोणता, स्त्रीकेसर कोणता, टोकावरच्या गोल गाठी परागकोशाच्या की कुक्षीच्या, हे ठरेनासे होते आणि दोन नावांची अदलाबदल होते.

निदल, पाकळी, पुंकेसर, स्त्रीकेसर ही चार नावे मुलांना पाठ असतात. अडते ते ओळखण्यापाशी. रंग आणि आकार यांवरून ओळखायला गेले, तर काही फुलांत उत्तर जमते आणि काहींत साफ चुकते. जवळजवळ सगळीकडे चालते ती खूण एकच : तो भाग कुठे जोडलेला आहे आणि बाहेरून आत येताना तो कितव्या क्रमांकावर लागतो.

देठापासून सुरुवात

आकृतीत पहिल्यांदा देठ शोधावा. देठाचे वरचे टोक किंचित फुगलेले असते, त्याला पुष्पाधार म्हणतात. फुलाचे सगळे भाग या पुष्पाधारावर एकात एक अशा चार वलयांत बसलेले असतात. सर्वांत बाहेरचे वलय निदलांचे, म्हणजे निदलपुंज. त्याच्या आत पाकळ्यांचा दलपुंज. त्याच्या आत पुंकेसरांचा पुमंग. आणि अगदी मध्यभागी, जिथे देठाची वाढ थांबते तिथे, स्त्रीकेसरांचे जायांग. जुन्या पुस्तकांत किंवा मराठी विश्वकोशात हेच भाग संदल, प्रदल, केसरदल आणि किंजदल या नावांनी भेटतील. उत्तरपत्रिकेत आपल्या इयत्तेच्या पुस्तकातले शब्द वापरावेत, एवढे पुरे.

हा क्रम लक्षात ठेवला की आकृती वाचण्याची रीत बदलते. रेघ कुठल्या रंगाच्या भागाला लागली आहे हे न पाहता, तो भाग बोटाने खाली खाली नेत पुष्पाधारापर्यंत न्यायचा. तिथे तो कितव्या वलयात उगवला आहे ते पाहायचे. तंतू वरच्या टोकाशी कितीही एकमेकांत गुंतलेले असोत, बुडाशी ते वेगळे सापडतात. बुडाशी बाहेरच्या बाजूला असेल तो पुंकेसर, आणि मधोमध फुगीर भागातून निघाला असेल तो स्त्रीकेसर.

फोटो नीट वाचणे

नावे देण्याआधी फोटोत दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे रेघेचे टोक. बरीच चूक ज्ञानाची नसते, रेघेची असते. पुंकेसराकडे जाणारी रेघ वाटेत पाकळीवरून जाते, आणि फोटो तिरका किंवा अंधुक असेल तर ती पाकळीपाशीच थांबल्यासारखी दिसते. चित्र मोठे करून रेघ जिथे खरोखर संपते तो बिंदू पाहावा. पुस्तकात तिथे बहुधा ठिपका किंवा बाणाचे टोक असते. रेघेऐवजी महिरपी कंस असेल, तर तो एका भागाकडे बोट दाखवत नाही, कंसात येणाऱ्या सगळ्या भागांचे मिळून नाव विचारतो. कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय या तिन्हींना कवेत घेणारा कंस असेल तर उत्तर ‘स्त्रीकेसर’. त्यातल्या फक्त खालच्या फुगीर भागाला रेघ असेल तर उत्तर ‘अंडाशय’. तसेच परागकोश आणि तंतू या दोघांना मिळून कंस असेल तर ‘पुंकेसर’, आणि फक्त टोकाच्या गाठीला रेघ असेल तर ‘परागकोश’.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्र अख्ख्या फुलाचे आहे की उभ्या छेदाचे. उभ्या छेदात फूल मधोमध चिरून अर्धे दाखवलेले असते. त्यामुळे पाच पाकळ्यांच्या फुलात दोन-तीनच दिसतात आणि पाच निदलांपैकीही काहीच उरतात. छेदाच्या चित्रात पाकळ्या मोजून ‘या फुलाला तीन पाकळ्या’ असे लिहिणे म्हणजे अर्धे फूल मोजणे. छेदाचा उपयोग वेगळा असतो. अंडाशयाच्या आतली बीजांडे आणि भाग नेमके कुठे जोडलेले आहेत, हे त्यात दिसते. मोजणी करायची तर अख्खे फूल किंवा आडवा छेद हवा.

जास्वंद : चारही वलये एकेक करून

फुलाचे भाग शिकताना आपल्याकडे सहसा जास्वंदीचे फूल हाती येते. ते मोठे असते, वर्षभर मिळते आणि त्याचे भाग भिंगाशिवाय दिसतात. पण आकृतीला नावे देताना सर्वांत जास्त चकवणाऱ्या फुलांपैकीही हेच एक आहे. म्हणून लाल, एकेरी जास्वंदीचे फूल आणि त्याची आकृती शेजारी ठेवून चारही वलये पाहू.

देठावरून वर जाताना पहिल्यांदा लागतात त्या अरुंद, हिरव्या, एकमेकींपासून सुट्या पाच ते आठ पट्ट्या. इथेच पहिला चकवा आहे. हिरव्या आहेत, फुलाच्या खाली आहेत, म्हणून त्यांना हमखास ‘निदल’ असे नाव पडते. पण ती निदले नव्हेत. ती निदलांच्याही बाहेर असलेली छोटी पाने आहेत, त्यांना छदके म्हणतात. जास्वंद, भेंडी, कापूस यांच्या कुळात बऱ्याच फुलांना असे जादा वलय असते. खरी निदले त्याच्या आत आहेत. पाच निदले बुडाशी जोडली जाऊन हिरवी घंटा तयार झालेली असते आणि तिच्या काठावर पाच टोके दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. सुट्या, अरुंद पट्ट्या दिसल्या तर छदके. एकसंध पेला आणि त्याला पाच टोके दिसली तर निदलपुंज. शंका राहिली तर त्याच झाडाची कळी पाहावी. कळीत पाकळ्यांना घट्ट वेढून राखण करते ते निदल. छदके त्या वेढ्याच्या बाहेर, बाजूला पसरलेली असतात.

दुसरे वलय पाकळ्यांचे. जास्वंदीला त्या पाच असतात. नीट पाहिले तर प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली दडलेली असते. त्यामुळे कळी पिळल्यासारखी दिसते. आकृतीत पाकळ्यांना नाव देणे अवघड नाही, पण त्यांच्या बुडाशी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पाकळ्या तळाशी एकमेकींना आणि आतल्या नळीलाही किंचित चिकटलेल्या असतात. म्हणून पाकळ्या धरून हलकेच ओढल्या की मधली नळीही त्यांच्याबरोबर निघून येते.

ही नळीच तिसरे वलय आहे, आणि दुसरा चकवाही तिथेच आहे. जास्वंदीच्या मधोमध बाहेर डोकावणारा लांब लाल दांडा पाहून बहुतेकांना वाटते की हा सगळा स्त्रीकेसर. तो फुलाच्या मध्यभागी आहे आणि मध्यभागी स्त्रीकेसर असतो, हे तर पाठ केलेले असते. पण बाहेरून दिसणारा दांडा पुंकेसरांचा आहे. जास्वंदीच्या असंख्य पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची पोकळ नळी झालेली असते. नळीच्या वरच्या भागातून बारीक, सुटे धागे बाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराचा पिवळा परागकोश असतो. बोट लावले तर पिवळे पराग बोटाला लागतात. पुंकेसराची याहून खात्रीची खूण नाही. पुंकेसर असे एकत्र जुळलेले असणे हे इतके ठळक लक्षण आहे की, १७३५ साली कार्ल लिनियसने पुंकेसरांवरून वनस्पतींचे वर्ग पाडले तेव्हा अशा फुलांसाठी त्याने स्वतंत्र वर्ग ठेवला होता.

मग स्त्रीकेसर कुठे आहे? तो या नळीच्या आत आहे. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जावी तसा कुक्षीवृंत पुंकेसरांच्या नळीतून वर जातो आणि नळीच्या टोकातून बाहेर पडतो. तिथे त्याला पाच छोट्या फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला मखमली, लाल, गोल कुक्षी असते. पिवळे आणि बाजूने निघालेले ते परागकोश, अगदी शेंड्याला असलेले पाच लाल गोल ते कुक्षी, एवढे ध्यानात ठेवले तर जास्वंदीत या दोघांची गल्लत होत नाही. अंडाशय मात्र बाहेरून दिसतच नाही. तो निदलांच्या पेल्याच्या तळाशी दडलेला असतो. पाकळ्या आणि नळी ओढून काढली की पेल्यात उरतो तो लहान, फिकट, टोकदार गोळा म्हणजे अंडाशय.

यावरून आकृतीतल्या रेघेचे उत्तरही ठरते. अख्ख्या फुलाच्या चित्रात रेघ दांड्याच्या मध्यावर संपत असेल, तर उत्तर ‘पुंकेसरनलिका’ किंवा नुसते ‘पुमंग’. उभ्या छेदाच्या चित्रात रेघ नळीच्या भिंतीवरून पुढे जाऊन आतल्या बारीक धाग्यावर संपत असेल, तर उत्तर ‘कुक्षीवृंत’. जागा तीच, नाव वेगळे, कारण छेदाने आतला भाग उघडा पडला आहे.

चौथे नाव सर्वांत अवघड का

निदल, पाकळी आणि पुंकेसर हे भाग एकेक करून मोजता येतात. स्त्रीकेसर मात्र अनेकदा एकच दिसतो आणि असतात अनेक. पुस्तकातल्या नेहमीच्या आकृतीत मधोमध सुरईसारखा एक भाग काढलेला असतो आणि त्याला ‘स्त्रीकेसर’ असे नाव असते. शाळेच्या उत्तराला ते पुरेसे आहे. पण खऱ्या फुलात तो सुरईसारखा भाग एकाच स्त्रीकेसराचा असेल किंवा दोन, तीन, पाच स्त्रीकेसर जुळून झालेला असेल.

एक सुटा स्त्रीकेसर कसा असतो ते पाहायचे तर वाटाण्याची शेंग घ्यावी. एक पान मध्यशिरेवर दुमडावे, त्याच्या कडा एकमेकींना चिकटाव्यात आणि त्या कडांच्या आतल्या बाजूला दाणे लागावेत, अशी तिची रचना असते. शेंग ज्या शिवणीवर उकलतो आणि जिथे दाणे एका ओळीत लागलेले दिसतात, ती या कडा जुळल्याची जागा. अख्खी शेंग म्हणजे एका स्त्रीकेसराचा अंडाशय. आता अशा पाच घड्या एकमेकींना पाठ लावून नव्हे, तर दाण्यांची बाजू मध्याकडे करून गोलात उभ्या केल्या आणि त्यांच्या भिंती जोडल्या, तर पाच कप्प्यांचा एक अंडाशय तयार होईल. जास्वंदीचा अंडाशय तसाच असतो : पाच कप्पे, प्रत्येकात अनेक बीजांडे आणि सगळी बीजांडे मधल्या अक्षाला लागलेली.

आपल्या अंगणातल्या लाल जास्वंदीला फळ क्वचितच धरते, त्यामुळे हे कप्पे तिच्यात पाहणे कठीण. पण तिच्याच कुळातली भेंडी रोज स्वयंपाकघरात येते. भेंडी आडवी चिरली की चकतीत पाच कप्पे दिसतात, प्रत्येक कप्प्यात मध्याच्या बाजूला लागलेले दाणे दिसतात, आणि बाहेर कप्प्यांच्या संख्येइतकेच कंगोरे असतात. हा अंडाशयाचा आडवा छेदच आहे, फळाच्या आकारात वाढलेला. काही वाणांच्या भेंडीला पाचापेक्षा जास्त कंगोरे असतात. तिच्या चकतीत कप्पेही तितकेच जास्त सापडतात. बाजारातल्या भेंडीला निदले का दिसत नाहीत, याचेही उत्तर तिच्या फुलात आहे. भेंडीच्या फुलाची निदले एका बाजूला फाटतात आणि पाकळ्यांबरोबर गळून जातात.

म्हणून स्त्रीकेसर किती हे सांगायचे असेल तर दोन ठिकाणी मोजावे. एक, वर कुक्षीच्या फांद्या किती. दोन, अंडाशयाच्या आडव्या छेदात कप्पे किती. जास्वंदीत दोन्हीकडे पाच येतात, म्हणून पाच स्त्रीकेसर हे उत्तर पक्के.

दोन्ही आकडे जुळले नाहीत तर? धोत्र्याचे फूल त्याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या अंडाशयाच्या आडव्या छेदात बराचसा भाग चार कप्प्यांचा दिसतो, पण वर कुक्षीचे भाग दोनच असतात. धोत्र्यात स्त्रीकेसर दोनच आहेत. आतल्या बाजूने एक जादा पडदा वाढतो आणि प्रत्येक कप्प्याचे दोन करतो. असा पडदा दोन स्त्रीकेसरांच्या जोडावर उगवलेला नसतो, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कूट पडदा म्हणतात. कप्पे आणि कुक्षी यांत तफावत आली तर कप्प्यांवर लगेच विश्वास ठेवू नये, हे यातून शिकायचे. धोत्रा मात्र पुस्तकातच पाहावा. त्याचे सगळे भाग विषारी आहेत, मुलांच्या हाती चिरायला देऊ नये.

रंग कुठे फसवतो

‘हिरवे ते निदल, रंगीत ती पाकळी’ हा सोपा नियम जास्वंदीत चालतो. दारातल्या बोगनवेलीपाशी तो कोसळतो. तिचे गुलाबी, कागदासारखे तीन पंखे पाकळ्या वाटतात. त्यातला एक पंखा उलगडून पाहिला की आतून त्याच्या मध्यशिरेला चिकटलेली एक बारीक, लांबट नळी दिसते आणि तिचे तोंड पांढऱ्या चांदणीसारखे उघडलेले असते. ती नळी म्हणजे एक अख्खे फूल. तीन पंख्यांत अशी तीन फुले असतात. पंखे त्या फुलांच्या बाहेर आहेत, म्हणून ती छदे, म्हणजे रंगीत झालेली पाने. फुलाची स्वतःची पांढरी नळी निदलांची मानली जाते, पाकळ्या तिथे नाहीतच. देठापासून बाहेरून आत येण्याची रीत वापरली तरच हे उलगडते.

निशिगंधाची अडचण वेगळी आहे. त्याच्या फुलात सहा सारखेच पांढरे भाग दिसतात. बुडाशी पाहिले तर ते तीन-तीनच्या दोन वलयांत आहेत, पण बाहेरची तीन आणि आतली तीन यांच्यात दिसण्यात फरक नाही. अशा वेळी ‘निदल’ किंवा ‘पाकळी’ असे बळेच ठरवायचे नसते. दोन्ही वलये सारखी असतील तर त्या भागांना ‘परिदल’ म्हणतात. कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलातही असेच सहा परिदल असतात.

जागा नाव का ठरवते

भागाचे स्थान इतके भरवशाचे का, याचे उत्तर फुलाच्या घडणीत आहे. फुलाचे भाग ही पानाचीच बदललेली रूपे आहेत, ही कल्पना जर्मन कवी गटे याने १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावरच्या निबंधात मांडली होती. दोनशे वर्षांनी, १९९१ साली, एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्यामागची यंत्रणा मांडली. एकाने स्नॅपड्रॅगनची, दुसऱ्याने अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपाची बिघडलेली फुले अभ्यासली होती.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कळीच्या अगदी कोवळ्या अवस्थेत चार वलयांच्या जागा असतात आणि तिथे जनुकांचे तीन गट काम करतात. त्यांना ए, बी आणि सी म्हणू. सर्वांत बाहेरच्या जागी फक्त ए असतो, तिथे निदल घडते. पुढच्या जागी ए आणि बी मिळून पाकळी घडवतात. तिसऱ्या जागी बी आणि सी मिळून पुंकेसर घडवतात. मध्यभागी फक्त सी असतो आणि तिथे स्त्रीकेसर घडतो. जिथे सी असतो तिथे तो ए ला येऊ देत नाही, आणि ए असतो तिथे सी ला जागा मिळत नाही. म्हणजे कोवळ्या कळीत जागा आधी ठरते आणि त्या जागेवर काय घडणार ते नंतर.

यावरून अंगणातल्या एका फुलाचे कोडे सुटते. दुहेरी जास्वंदीत पाकळ्यांचा गुच्छ असतो आणि पुंकेसरांची नळी जवळपास दिसत नाही. अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये सी गटाचे काम बंद पडले की ए आत सरकतो, आणि पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. बागेतल्या अनेक दुहेरी फुलांची भरगच्च शोभा अशाच प्रकारच्या बदलातून येते. दुहेरी जास्वंदीचे फूल उघडून आतल्या पाकळ्या एकेक पाहिल्या, तर कधी कधी एखाद्या अरुंद, मुडपलेल्या पाकळीच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला सापडतो. ती पाकळी पुंकेसराच्या जागी उगवली आहे, याचा तो पुरावा. म्हणून आकृतीला नावे द्यायला एकेरी फूलच घ्यावे. दुहेरी फुलात भागांची संख्या मूळ मांडणीशी जुळत नाही.

या नियमालाही मर्यादा आहे. तळ्यातल्या कुमुदाच्या फुलात बाहेरच्या पाकळ्यांपासून आतल्या पुंकेसरांपर्यंत भाग हळूहळू अरुंद होत जातात. मधले काही भाग अर्धे पाकळीसारखे आणि अर्धे पुंकेसरासारखे असतात. तिथे वलयांची सीमा रेघ मारून दाखवता येत नाही. अशा भागावर पराग देणारा परागकोश आहे का, एवढेच पाहून नाव द्यावे लागते.

फळावरून पडताळा

आकृतीत अंडाशय नेमका कुठे, हे कळत नसेल तर त्याच झाडाचे फळ आठवावे. अंडाशयाचे फळ होते, आतल्या बीजांडांच्या बिया होतात, पाकळ्या आणि पुंकेसर सहसा वाळून जातात. निदले मात्र काही झाडांत फळाबरोबर टिकून राहतात, आणि ती फळाच्या कुठल्या टोकाला आहेत त्यावरून अंडाशयाची जागा कळते.

वांग्याच्या देठाजवळची हिरवी, काटेरी टोपी म्हणजे निदलपुंज. ती फळाच्या देठाकडच्या टोकाला आहे. याचा अर्थ फुलात अंडाशय निदलांच्या वर बसलेला होता. टोमॅटोच्या देठाशी असलेली हिरवी चांदणीही तेच सांगते. जास्वंदीत अंडाशय निदलांच्या पेल्याच्या आत असतो म्हटले, तेही याच प्रकारात येते. पेला बाजूंनी त्याला झाकतो, पण जोडलेला असतो त्याच्या खालीच.

डाळिंबात मात्र निदलांचा मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला असतो, आणि त्या मुकुटाच्या आत वाळलेले पुंकेसरही सापडतात. पेरूच्या बुडाशी असलेला काळपट सुकलेला भागही वाळलेल्या निदलांचाच. याचा अर्थ या फुलांत अंडाशय निदलांच्या खाली होता. अशा फुलाच्या उभ्या छेदात पाकळ्यांच्या मधोमध फुगीर भाग शोधत बसले तर तो सापडणार नाही, तिथे फक्त कुक्षीवृंताचा धागा दिसेल. अंडाशय निदलांच्या खाली, देठाच्या फुगलेल्या टोकात शोधावा लागेल. निदल, पाकळ्या, पुंकेसर आणि मधला कुक्षीवृंत हा बाहेरून आतला क्रम तिथेही तोच राहतो, फक्त अंडाशय इतरांच्या खाली गेलेला असतो.

फोटोतल्या जास्वंदीसमोर मग चार ओळी लिहाव्यात. निदले पाच, जोडलेली, बाहेर छदके वेगळी. पाकळ्या पाच, बुडाशी नळीला चिकटलेल्या. पुंकेसर असंख्य, नळीत जुळलेले. स्त्रीकेसर पाच, एकत्र जुळलेले, अंडाशय निदलांच्या वर. या चार ओळी खऱ्या फुलावर जुळल्या की आकृतीतली प्रत्येक रेघ कुठे संपते आणि तिथे कोणते नाव यावे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.